आठ कोन, दोनच मापे

शाळेच्या कंपासपेटीत दोन गुण्ये असतात. एकाचे कोन ३०, ६० आणि ९० अंशांचे, तर दुसऱ्याचे ४५, ४५ आणि ९० अंशांचे. कर्कटक झिजते, पेन्सिल संपते, गुण्ये मात्र बहुतेक वेळा नवेकोरे राहतात. समांतर रेषांमधले अज्ञात कोन कसे शोधायचे, हे समजून घ्यायला यांच्याइतके सोयीचे साधन दुसरे नाही.

कागदावर पट्टी तिरकी ठेवून डाव्या हाताने घट्ट दाबायची. ३०-६०-९० च्या गुण्याची एक कड पट्टीला चिकटवायची, अशी की ६० अंशांचा कोपरा पट्टीला टेकलेला असेल. त्या कोपऱ्यातून निघणाऱ्या दुसऱ्या कडेने एक रेघ ओढायची. मग पट्टी न हलवता गुण्या तिच्या कडेने चार-पाच सेंटीमीटर खाली सरकवायचा आणि त्याच कडेने दुसरी रेघ ओढायची. दोन्ही रेघा समांतर येतात. शेवटी गुण्या उचलून पट्टीच्या कडेनेच एक लांब रेघ ओढली आणि आधीच्या दोन्ही रेघा तिच्यापलीकडे वाढवल्या की आकृती पूर्ण होते. दोन समांतर रेषा आणि त्यांना कापत जाणारी तिसरी. या तिसरीला छेदिका म्हणतात.

या कृतीत मोजमाप कुठेच झाले नाही. मग रेषा समांतर कशा आल्या? गुण्या सरकला, पण त्याचा कोपरा होता तेवढाच राहिला. वरच्या छेदाशी त्याने ६० अंशांचा कोन केला, खालच्या छेदाशीही तेवढाच केला आणि दोन्हीकडे छेदिकेच्या त्याच बाजूला, रेषेच्या त्याच अंगाला केला. अशा एकाच जागी बसणाऱ्या कोनांच्या जोडीला संगत कोन म्हणतात. छेदिकेशी सारखाच कोन करणाऱ्या रेषा समांतर असतात आणि समांतर रेषा छेदिकेशी सारखेच संगत कोन करतात. महाराष्ट्रात आठवीच्या गणिताच्या पुस्तकात ‘समांतर रेषा व छेदिका’ या प्रकरणात हे गुणधर्म येतात, पण मुलांच्या लक्षात राहते ती बहुधा नावांची यादी. गुण्या सरकवून पाहिलेल्या मुलाला यादीतली पहिली ओळ पाठ करावी लागत नाही.

आता कोनांना क्रमांक देऊ. दोन समांतर रेषा आडव्या आहेत आणि छेदिका खाली डावीकडून वर उजवीकडे तिरकी जाते, असे धरू. वरच्या छेदबिंदूपाशी चार कोन होतात. डावीकडचा वरचा १, उजवीकडचा वरचा २, उजवीकडचा खालचा ३ आणि डावीकडचा खालचा ४. खालच्या छेदबिंदूपाशी याच क्रमाने ५, ६, ७, ८. समजा कोन २ हा ६५ अंशांचा आहे आणि उरलेले सातही शोधायचे आहेत.

सुरुवात वरच्याच छेदापासून करावी. तिथे समांतरपणाचा काही संबंध येत नाही, फक्त दोन सरळ रेषा एकमेकींना छेदतात. कोन १ आणि कोन २ शेजारी शेजारी एका सरळ रेषेवर बसले आहेत. सरळ रेषेवरचा पूर्ण कोन १८० अंशांचा, म्हणून कोन १ म्हणजे १८० वजा ६५, अर्थात ११५ अंश. ही रेषीय जोडी. कोन ३ हाही कोन २ च्या शेजारी, या खेपेस छेदिकेच्या सरळ रेषेवर बसलेला आहे, म्हणून तोही ११५. कोन ४ हा कोन ३ च्या शेजारी, म्हणजे पुन्हा १८० वजा ११५, अर्थात ६५. समोरासमोरचे कोन, ज्यांना विरुद्ध कोन म्हणतात, ते सारखे का असतात हेही इथे आपोआप दिसते. दोघांचाही शेजारी एकच असतो आणि त्याच्यासह दोघांनाही १८० अंश पुरे करायचे असतात.

आता खाली उतरायचे. गुण्या सरकवल्याप्रमाणे वरचा सगळा छेद जसाच्या तसा खालच्या छेदावर नेऊन ठेवायचा. कोन १ जाऊन बसतो ५ वर, २ हा ६ वर, ३ हा ७ वर, ४ हा ८ वर. म्हणून कोन ५ आणि ७ हे ११५ अंशांचे, ६ आणि ८ हे ६५ अंशांचे. आठही कोन मिळाले आणि त्यांत मापे दोनच आहेत, एक लघुकोनाचे आणि एक विशालकोनाचे. दोघांची बेरीज १८०. छेदिका काटकोनात आली तर तेवढाही फरक उरत नाही, आठही कोन ९० अंशांचे होतात.

बाकीची नावे यातूनच निघतात. कोन ४ आणि कोन ६ दोन्ही रेषांच्या आतल्या पट्ट्यात आहेत, पण छेदिकेच्या दोन विरुद्ध बाजूंना. त्यांना आंतरव्युत्क्रम कोन म्हणतात आणि ते सारखे असतात. कारण पाहायचे तर कोन ४ हा कोन २ च्या समोरचा आणि कोन २ हा कोन ६ चा संगत. कोन ३ आणि कोन ६ हेही आतल्याच पट्ट्यात आहेत, पण छेदिकेच्या एकाच बाजूला. हे आंतरकोन सारखे नसतात, त्यांची बेरीज १८० असते, कारण कोन ३ हा कोन २ चा शेजारी आहे आणि कोन ६ हा कोन २ एवढाच. सगळ्या गुणधर्मांची मांडणी शेजारी, समोरचा आणि सरकवलेला या तीनच नात्यांवर उभी आहे.

खरी अडचण येते ती कोनाच्या जागी अंक न देता बीजगणितातली राशी दिलेली असते तेव्हा. एक उदाहरण सावकाश पाहू. त्याच आकृतीत कोन ३ चे माप (३क्ष + १०) अंश आहे आणि कोन ६ चे (२क्ष + २०) अंश. क्ष किती आणि कोन किती?

समीकरण मांडण्याआधी दोन्ही कोनांवर बोट ठेवून पाहावे. दोन्ही आतल्या पट्ट्यात, दोन्ही छेदिकेच्या उजवीकडे. म्हणजे हे आंतरकोन आहेत आणि यांची बेरीज १८०. म्हणून

३क्ष + १० + २क्ष + २० = १८०

५क्ष + ३० = १८०

५क्ष = १५०

क्ष = ३०

पुष्कळ मुले इथेच थांबतात आणि उत्तर म्हणून ३० लिहितात. पण ३० हे क्ष चे मूल्य आहे, कोनाचे नाही. कोन ३ म्हणजे तीन गुणिले ३० अधिक १०, अर्थात १०० अंश. कोन ६ म्हणजे दोन गुणिले ३० अधिक २०, अर्थात ८० अंश. बेरीज १८०. आकृतीत कोन ३ विशाल आणि कोन ६ लघु दिसत होता, उत्तरही तेच सांगते.

सर्वांत जास्त होणारी चूक याच्या एक पायरी आधी घडते. ‘समांतर रेषा म्हणजे कोन सारखे’ एवढेच डोक्यात राहिले की विद्यार्थी ३क्ष + १० = २क्ष + २० असे लिहितो. गणित बिनबोभाट सुटते, क्ष येतो १० आणि दोन्ही कोन येतात ४० अंशांचे. बीजगणितात कुठेही अडखळायला होत नाही, म्हणून चूक लपून राहते. ती पकडायची कशी? एक खूण तर आकृतीतच आहे. जो कोन उघड विशाल दिसतो तो ४० अंशांचा असू शकत नाही. पण आकृती मापात काढलेली असेलच असे नाही, तेव्हा दुसरी खूण अधिक पक्की आहे. छेदिकेच्या उजवीकडे दोन्ही आतले कोन ४० अंशांचे असतील तर त्या दोन रेषा उजवीकडे एकमेकींकडे झुकत जातील आणि पुढे कुठेतरी भेटतील. छेदिकेसह त्यांचा त्रिकोण होईल, ज्याचे दोन कोन ४०-४० अंशांचे आणि तिसरा १०० अंशांचा. म्हणजे या उत्तराने रेषा समांतरच ठेवल्या नाहीत. दिलेली माहिती आणि उत्तर एकमेकांना खोटे पाडतात.

इ.स.पू. ३०० च्या सुमारास युक्लिडने ‘एलिमेंट्स’च्या पहिल्या भागात आपले पाचवे गृहीतक नेमक्या याच परिस्थितीवर मांडले. दोन रेषांना तिसरीने छेदले आणि एका बाजूच्या आतल्या कोनांची बेरीज दोन काटकोनांहून कमी भरली, तर त्या रेषा वाढवल्यावर त्याच बाजूला भेटतात, असे ते गृहीतक म्हणते. युक्लिड ते जपून वापरतो. पहिल्या भागातली २८ प्रमेये त्याने या गृहीतकाला हात न लावता सिद्ध केली आहेत. त्यांतली २७ वे आणि २८ वे आपल्या गुण्याच्या कृतीची, म्हणजे कोन जुळले तर रेषा समांतर. २९ वे उलट दिशेचे, म्हणजे रेषा समांतर असतील तर कोन जुळतात, आणि ते सिद्ध करताना मात्र पाचव्या गृहीतकाशिवाय त्याचे चालत नाही. आठवीतले सगळे ‘अज्ञात कोन शोधा’ या २९ व्या प्रमेयाच्या जोरावर सुटतात.

म्हणूनच प्रश्नात रेषा समांतर आहेत असे दिले आहे की नाही, हे आधी पाहायचे असते. पुस्तकातल्या आकृतीत समांतर रेषांवर बाणाची सारखी खूण केलेली असते, किंवा मजकुरात तसे लिहिलेले असते. दोन्ही नसेल तर रेषा कितीही समांतर दिसोत, कोन सारखे धरता येत नाहीत. संगत कोन, आंतरव्युत्क्रम कोन ही नावे फक्त जागा सांगतात. रेषा वाकड्यातिकड्या असल्या तरी त्या जोड्या असतातच, सारख्या मात्र समांतर रेषांतच होतात. प्रत्येक पायरीपुढे कंसात कारण लिहिण्याचा शिक्षकांचा आग्रह असतो, तो यासाठीच. ‘आंतरकोन’ हे कारण लिहायला घेतले की पुढे बेरजेऐवजी बरोबरीचे चिन्ह टाकताना हात थांबतो.

इथपर्यंतच्या प्रश्नांत छेदिका सरळ होती. आता ती मध्येच मोडू. वरच्या समांतर रेषेवर अ हा बिंदू आहे, खालच्या रेषेवर ब. दोन्हींच्या उजवीकडे, रेषांच्या मधल्या जागेत क हा बिंदू आहे. अ पासून क पर्यंत आणि क पासून ब पर्यंत रेघा ओढल्या की कोपरासारखा वाकलेला आकार तयार होतो. अ पाशी वरच्या रेषेच्या उजव्या भागाने अक शी केलेला कोन ४० अंशांचा आहे. ब पाशी खालच्या रेषेच्या उजव्या भागाने बक शी केलेला कोन २५ अंशांचा. क पाशी, डावीकडे उघडणारा कोन अकब किती?

येथे विद्यार्थी गोंधळतो, आणि ते साहजिकच आहे. अक ही रेघ वरच्या रेषेला मिळते, पण खालच्या रेषेपर्यंत पोचत नाही. बक चे उलट. म्हणजे दोन्ही समांतर रेषांना छेदणारी छेदिका आकृतीत नाहीच. कुठला कोन कुठे सरकवायचा? काही जण ४० अंशांचा कोन उचलून सरळ क पाशी ठेवतात. पण क मधून जाणारी समांतर रेषाच नसताना ४० चा आंतरव्युत्क्रम कोन तिथे येणार कुठून?

जे नाही ते आपण काढायचे. क मधून दोन्ही रेषांना समांतर अशी तिसरी रेषा काढावी, तुटक रेघेने काढली तर बरे. आता अक ही वरची रेषा आणि ही नवी रेषा यांची छेदिका झाली, तर बक ही नवी रेषा आणि खालची रेषा यांची. नवी रेषा क पासून डावीकडे जाते तेव्हा ती कोन अकब चे दोन तुकडे करते. वरचा तुकडा आणि अ जवळचा ४० अंशांचा कोन अक च्या विरुद्ध बाजूंना आहेत, म्हणजे आंतरव्युत्क्रम. तो तुकडा ४० अंशांचा. त्याच न्यायाने खालचा तुकडा २५ अंशांचा. कोन अकब म्हणजे ४० अधिक २५, अर्थात ६५ अंश.

उत्तर बरोबर आहे का, हे वेगळ्या वाटेने जाऊन पाहता येते. अक ही रेघ क च्या पुढे वाढवत न्यायची, ती खालच्या रेषेला ड या बिंदूत मिळते. आता अड ही दोन्ही समांतर रेषांची खरीखुरी छेदिका आहे, म्हणून ड पाशी डावीकडचा आतला कोन ४० अंशांचा, पुन्हा आंतरव्युत्क्रम. त्रिकोण बकड मध्ये ब पाशी २५ आणि ड पाशी ४०, म्हणून क पाशी उरतात १८० वजा ६५, म्हणजे ११५. हा ११५ अंशांचा कोन आणि आपला कोन अकब सरळ रेषा अड वर शेजारी आहेत. १८० वजा ११५, पुन्हा ६५. दोन स्वतंत्र वाटा एकाच ठिकाणी आल्या की उत्तराविषयी शंका राहत नाही.

परीक्षेत हाच प्रश्न वेष बदलून येतो. अ आणि ब पाशी उजवीकडचे कोन न देता डावीकडचे, समजा १२५ आणि ११० अंशांचे, दिलेले असतात. मदतीची रेषा तीच काढायची, नाते मात्र बदलते. आता वरचा तुकडा आणि १२५ चा कोन छेदिकेच्या एकाच बाजूला आहेत, म्हणून तुकडा ५५ अंशांचा. खालचा तुकडा १८० वजा ११०, म्हणजे ७०. बेरीज १२५ अंश. पहिल्या प्रश्नाची सवय लागलेला विद्यार्थी इथे १२५ आणि ११० यांची थेट बेरीज करून २३५ लिहितो. दोन रेघांच्या सांध्यात, आतल्या अंगाला १८० हून मोठा कोन आला की आकृतीकडे पुन्हा पाहायचे, एवढी खूण चूक शोधायला पुरते.

आंतरव्युत्क्रम कोनांचा मानवाने केलेला सर्वांत मोठा उपयोग मात्र कागदावरचा नाही. इ.स.पू. तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख असलेल्या एराटोस्थेनिसने याच गुणधर्मावरून पृथ्वीचा परीघ काढला. दक्षिणेकडच्या सिएने गावी, म्हणजे आजच्या अस्वानला, उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली पडत नाही, हे त्याला ठाऊक होते. महाराष्ट्रातही मेमध्ये आणि पुन्हा जुलै-ऑगस्टमध्ये गावोगावी असा शून्य सावलीचा दिवस येतो. त्याच दुपारी अलेक्झांड्रियात मात्र उभ्या काठीची सावली पडत होती. काठी आणि सूर्यकिरण यांच्यातला कोन पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग भरला, म्हणजे ३६० भागिले ५०, अर्थात ७.२ अंश.

आता आकृती पाहावी. सूर्य इतका दूर आहे की दोन्ही शहरांवर पडणारे किरण समांतर मानता येतात. सिएनेवर पडणारा किरण उभा खाली वाढवला तर पृथ्वीच्या केंद्रात जातो. ही एक समांतर रेषा. अलेक्झांड्रियातल्या काठीच्या टोकाला स्पर्शून जाणारा किरण ही दुसरी. काठीही उभी असल्यामुळे तिची रेषा खाली वाढवली तर तीही केंद्रातच पोचते आणि ती या दोन किरणांची छेदिका होते. काठीच्या टोकाशी झालेला ७.२ अंशांचा कोन आणि केंद्रापाशी दोन शहरांमधला कोन हे आंतरव्युत्क्रम आहेत. म्हणून केंद्रातला कोनही ७.२ अंशांचा. केंद्रापर्यंत कुणी गेले नाही, तरी तिथला कोन हाती आला. दोन शहरांमधले अंतर ५,००० स्टेडिया धरले होते. ते वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाचे, तर पूर्ण वर्तुळ ५० पट, म्हणजे २,५०,००० स्टेडिया.

आजच्या नकाशावर अलेक्झांड्रियाचे अक्षांश सुमारे ३१.२ आणि अस्वानचे सुमारे २४.१ आहेत. फरक ७.१ अंशांचा, म्हणजे सावलीने दाखवलेला कोन खऱ्याच्या अगदी जवळचा होता. उणिवा होत्याच. दोन्ही शहरे एकाच रेखावृत्तावर नाहीत, अस्वान सुमारे ३ अंश पूर्वेला आहे. अस्वान कर्कवृत्ताच्या थोडे उत्तरेलाही आहे. पण सगळ्या गणिताचा आधार ‘किरण समांतर आहेत’ हे पहिले वाक्य होता.

ते वाक्य काढून घेतले तर काय होते, हे प्राचीन चीनमधल्या ‘झोउबी सुआनजिंग’ या ग्रंथात दिसते. तिथेही उभी काठी आहे, आठ ची उंचीची, आणि भर दुपारची तिची सावली आहे. पण तिथे जमीन सपाट धरली आहे आणि सूर्याचे किरण एका बिंदूतून फाकत येणारे. रेषा समांतर नाहीत, त्यामुळे सरकवायला कोन नाही, आणि गणित जाते त्रिकोणांच्या प्रमाणाकडे. सावली सहा ची भरेल त्या ठिकाणापासून सूर्याखालची जागा ६०,००० ली दूर, असे त्या ग्रंथाचे गृहीत आहे. काठी आठ आणि सावली सहा, त्याच प्रमाणात सूर्याची उंची येते ८०,००० ली. काठी आणि सावली दोन्हीकडे आहेत. एकाला पृथ्वीचा परीघ मिळाला, दुसऱ्याला सपाट जमिनीवर टांगलेल्या सूर्याची उंची.